शून्य नंबरच्या पावत्या

आमच्या आत्याची पहिली पावती देवाची असते. सकाळी सहाला दूध संकलन केंद्राचं शटर वर केलं की ती कॉम्प्युटर चालू करते, वजनकाटा फडक्यानं पुसते आणि सभासद नंबर शून्य, दूध शून्य लिटर अशी एक नोंद करून पावती काढते. ती पावती शनिदेवाच्या फोटोच्या चौकटीत खोचून हात जोडते आणि मग बाहेरच्या रांगेला म्हणते, "हं, या आता." शून्य नंबर गावात कुणाचाच नाही. मी तिला एकदा चिडवलं होतं, "आत्या, देवाची म्हैस किती फॅटचं दूध देते गं?" तर म्हणाली, "तुझ्या कॉम्प्युटरपेक्षा बरी हाय. कधी अडत तरी न्हाई."

तो कॉम्प्युटर संस्थेचा असला तरी आतलं सॉफ्टवेअर माझं होतं. नगरला एका छोट्या कंपनीत मी प्रोग्रॅमर आहे. आता कागदोपत्री अहिल्यानगर झालंय, पण एसटीत बसताना तोंडातून नगरच निघतं. आमची कंपनी दूध केंद्रांसाठी सॉफ्टवेअर बनवते. माणूस आपला नंबर सांगतो, दूध काट्यावर ओतलं की वजन आपोआप येतं, नमुना फॅट मशीनमध्ये घातला की थोड्या वेळानं फॅटचा आकडा येतो, बसलेल्या माणसानं सगळं बरोबर आहे ना बघून एंटर दाबायचं आणि पावती बाहेर. पावती निघेपर्यंत पुढच्याचा नमुना घेता येत नाही. आमचं गाव घोडेगावहून शिंगणापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर. तिथल्या केंद्रावर त्या खुर्चीत गेली सतरा वर्षं आत्या बसते.

आई गेली तेव्हा मी तिसरीत होते. आत्याचा नवरा त्याच्या आधीच गेला होता, ती माहेरी आलेली. तिनंच मला वाढवलं. केंद्राच्या खुर्चीत तिच्या मांडीवर बसून मी पाढे म्हटलेत. तेव्हा मोठी वही होती. कॉम्प्युटर आला तेव्हा लोक म्हणाले, आता ह्या बाईचं काही खरं नाही. तिनं पंधरा दिवसांत एका बोटानं शिकून दाखवलं. ती खुर्ची म्हणजे तिचं काय आहे, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आणि ती खुर्ची जायची वेळ आली होती.

झालं असं, की पाडव्यानंतर आम्ही सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती दिली. तिच्यात मी एक गोष्ट हौसेनं घातली होती. प्रत्येक नोंद झाली की लगेच डेअरीच्या सर्व्हरला जायची आणि शेतकऱ्याच्या मोबाईलवर मेसेज पडायचा. जुन्या आवृत्तीत सगळ्या नोंदी संकलन संपल्यावर एकदमच जायच्या. सगळीकडे कौतुक झालं. फक्त आत्याच्या केंद्रावरून तक्रार आली, की सकाळी रांग रस्त्यापर्यंत जाते आणि कॅन न्यायला येणारा टेम्पो ताटकळतो. डेअरीचे सुपरवायझर साहेब दोनदा बघून गेले. त्यांनी संस्थेच्या चेअरमनला सांगितलं, "बाकी केंद्रांवर हेच सॉफ्टवेअर झकास चालतंय. मावशींचा हात आता चालत नाही. कॉम्प्युटर येणारं कुणीतरी बसवा."

आत्यानं फोन केला तेव्हा हे सगळं सांगितलंच नाही. म्हणाली, "पोरी, तुझं मशीन शनिवारी लई रुसतंय गं. येऊन बघ जरा." मी म्हणाले, "बाई, मशीनला वार कळत नाही." शनिशिंगणापूरच्या वाटेवर राहणाऱ्या बाईनं शनिवारचं नाव घेतलं, की आमच्यासारखे शिकलेले लोक तोंड दाबून हसतात. मीही हसले. एरवी मी रविवारीच घरी जाते, पण तिचा आवाज बरा वाटला नाही, म्हणून शनिवारी सकाळच्या पहिल्या गाडीनं निघाले.

पोचले तर खरंच रांग. संकलन संपल्यावर मी सगळ्यांना बाजूला केलं, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला, एक नोंद घातली, एंटर दाबलं आणि मोबाईलच्या घड्याळावर मोजलं. अकरा सेकंद! माझं डोकं लगेच पळायला लागलं. पावतीवर पंधरवड्याची बेरीज छापली जाते, ती काढायला सगळ्या नोंदी धुंडाळाव्या लागत असणार. त्यावर इंडेक्स बांधला, म्हणजे पुस्तकाच्या मागं सूची असते तशी सूची, की झालं काम. रात्री घरी जेवले, झोपले, आणि रविवारी सकाळी इंडेक्स बांधला. प्रिंटरची वायर सैल वाटली म्हणून तीही नवी लावली. जुन्या फायलींचा पसारा होता, तोही झाडून काढला. म्हटलं, आलोच आहोत तर सगळं एकदम करून टाकू.

संध्याकाळच्या संकलनाला आत्या म्हणाली, "थांब, आधी देवाची निघू दे." देवाची निघाली. मग पहिला गडी आला, मी घड्याळ लावलं. तीन सेकंद! दुसरा, तीन. तिसरा, तीन. मी आत्याला मिठी मारली. "बघितलंस? अकराचे तीन केले!" ती म्हणाली, "माझी बाय गुणाची ती." मी तिथूनच चेअरमनना फोन लावला आणि छाती फुगवून सांगितलं, की सॉफ्टवेअरमध्ये थोडा दोष होता, आता दूर झालाय, मोजून बघितलंय.

त्या फोनची मला आजही लाज वाटते.

पुढच्या शनिवारी सुपरवायझर साहेब आले. रांग रस्त्यापर्यंत. पावतीला तेच दहा-बारा सेकंद. टेम्पोवाला हॉर्न वाजवून वाजवून शेवटी अर्धे कॅन सोडून निघून गेला. साहेबांनी चेअरमनना बाजूला घेतलं. त्यांचं म्हणणं चेअरमननी मला फोनवर जसंच्या तसं ऐकवलं, "सॉफ्टवेअर तर दुरुस्त झालं, बाईंच्या भाचीनंच मोजून सांगितलंय. मग राहिलं कोण?"

म्हणजे माझ्या आकड्यानं आत्याचा घात केला होता. दहा दिवसांनी, मंगळवारी, संस्थेची मीटिंग ठरली. विषय एकच, केंद्रावर नवीन माणूस.

त्याच शनिवारी मी दुपारी गावी पोचले ती तणतणतच. माझा स्वभाव तापट आहे, हे मी कबूल करते. राग स्वतःचा होता, पण तो बाहेर पडला तो तिच्यावर. "आत्या, मी तीन सेकंदांवर आणून दिलंय, आणि तू काय करतेस? प्रत्येकाशी गप्पा मारत बसतेस! म्हैस कशी आहे, सुनेचं दुखणं कसं आहे. जरा हात उचल ना!" ती चुलीपाशी भाकरी थापत होती. मग म्हणाली, "व्हय गं. उचलते." आणि भाकरी तव्यावर टाकली. तेवढंच. मी न जेवता नगरला परत आले.

सोमवारी ऑफिसात मी आमच्या सरांना सगळं सांगितलं. सर माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, बोलायला कमी आणि बोलले की झोंबणारे. त्यांनी विचारलं, "आधीचा आकडा किती वेळा घेतलास?"

"एकदा."

"कधी?"

"शनिवारी सकाळी. कॉम्प्युटर चालू केल्या केल्या."

"आणि नंतरचा?"

"रविवारी संध्याकाळी."

"मधे काय काय बदललंस?"

मी बोटांवर मोजलं. इंडेक्स, वायर, फायली. सर म्हणाले, "वार बदलला, वेळ बदलली, तीन गोष्टी बदलल्या, आणि आधीचा आकडा एकुलता एक. ह्याला मोजणं म्हणत नाहीत, बाई. ह्याला नवस म्हणतात." मग जरा मवाळ होऊन म्हणाले, "परत कर. तोच प्रसंग पुन्हा पुन्हा जसाच्या तसा घडवता आला पाहिजे. एका वेळी एकच गोष्ट हलव. आणि निकाल काय हवाय ते विसरून जा."

शेवटचं सगळ्यात अवघड होतं. दोष माझ्या कोडमध्ये निघाला, तर मीटिंगमध्ये उभं राहून मला तोंडघशी पडायचं होतं. दोष आत्याच्या हातात निघाला, तर तेही मलाच सांगायचं होतं.

दोन दिवसांत मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. एका खऱ्या सकाळच्या पहिल्या चाळीस नोंदी घ्यायच्या आणि काटा आणि फॅट मशीन बोलतंय असं भासवून त्या ठरावीक अंतरानं सॉफ्टवेअरला द्यायच्या. एंटरपासून पावती छापून होईपर्यंतचा वेळ आपोआप टिपायचा. प्रत्येक फेरीच्या आधी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करायचा आणि डेटाची तीच नक्कल परत ठेवायची, म्हणजे प्रत्येक फेरी एकाच जागेवरून सुटेल. माणूस मध्ये नाहीच. असं केल्यानं आत्याचा हात आणि माझं सॉफ्टवेअर वेगवेगळं मोजता येणार होतं.

बुधवारी रजा टाकून गेले. दुपारी केंद्र बंद असतं, तेव्हा पहिली फेरी सोडली. पावत्या खटाखट निघायला लागल्या. पाच मिनिटं झाली नसतील, तोवर दारात एक आजोबा मोबाईल नाचवत हजर. "ए बाई, माझ्या म्हशीनं भर दुपारी साडेचार लिटर दूध दिलं म्हणून मेसेज आलाय. म्हैस तर डोहात बसलीया!" त्यांच्या मागं आणखी दोघं. अरे देवा! मी खोट्या नोंदी खऱ्या सर्व्हरला पाठवून बसले होते. चाळीस घरांत दुपारची धार निघाली होती! सरांना फोन करून त्या नोंदी रद्द करून घेतल्या, आणि पाठवणी ऑफिसातल्या चाचणीच्या सर्व्हरकडे वळवली. केंद्राचं नेट ज्या सिमकार्डवर चालतं त्यावरूनच, फक्त मेसेज पडणार नाहीत अशी. आत्या दारात उभी राहून लोकांना सांगत होती, "काय न्हाई, आमची पोरगी परीक्षा घेतीया. म्हशीची न्हाई, मशीनची." तिनं माझ्याशी नेहमीसारखंच बोलणं ठेवलं होतं, आणि मला ते जास्त टोचत होतं.

त्या दिवशी आधी फक्त इंडेक्सची परीक्षा. इंडेक्स काढून एक फेरी, लावून एक फेरी, काढून, लावून, अशा आळीपाळीनं पाच-पाच फेऱ्या. बाकी काही हलवलं नाही. सगळे आकडे चढत्या क्रमानं लावले तर दोन्हीकडे मधला आकडा तीन सेकंद. जो काही फरक होता, तो एकाच सेटिंगच्या दोन फेऱ्यांमध्ये आपोआप पडणाऱ्या फरकापेक्षाही लहान. म्हणजे माझा तो थोर इंडेक्स काहीच करत नव्हता. मग जुनी वायर लावून पाच फेऱ्या, झाडून काढलेल्या फायली परत ठेवून पाच. तेच.

पण एक गोष्ट दिसली. प्रत्येक फेरीतली पहिली पावती सात-आठ सेकंद घ्यायची आणि दुसरीपासून तीन. कॉम्प्युटर नुकताच उठलेला असतो. प्रोग्रॅम डिस्कवरून वर यायचा असतो, प्रिंटरशी बोलणं सुरू व्हायचं असतं. मी मान खाली घालून त्या आकड्यांकडे बघत होते, तर आत्या मागून म्हणाली, "म्हणून तर म्या पहिली देवाची काढते. पहिलीला मशीन आळस देतंय. म्हटलं, माणसाला कशाला ताटकळत ठेवायचं? देवाला काय घाई हाय?"

आमच्याकडे ह्याला वॉर्म-अप म्हणतात, आणि मोजणीतून पहिली फेरी वगळायची हे शिकवायला सरांनी माझ्यावर पाच वर्षं घालवली होती. शनिवारी मी आळसावलेल्या मशीनची पहिलीच पावती मोजली होती, आणि रविवारी देवाची निघून गेल्यानंतरची. माझ्या अकरामधले चार सेकंद तर देवाच्याच वाट्याचे होते.

"आत्या, हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू इचारलं का?" ती म्हणाली. "आन एकदम तीन-तीन गोष्टी कशाला बदलल्यास त्या दिवशी? म्हशीचं दूध आटलं तर पेंड बदलून बघावं, न्हाईतर पाणी. पेंड, पाणी आन धार काढणारी, तिन्ही एकाच दिवशी बदललं तर म्हशीचं काय बिनसलं हुतं ते कळायचं कसं?" असं म्हणून ती माझ्यासाठी चहा टाकायला गेली.

देवाचे चार सेकंद वजा केले तरी शनिवारचे सात उरत होते. रांगेतल्या बाकीच्यांना तर दहा-बारा लागत होते. आत्याचं वाक्य आठवलं, मशीन शनिवारी रुसतंय. ह्या वेळी मी हसले नाही. उरलेली एकच गोष्ट हलवून बघायची होती, ती म्हणजे माझ्या हौसेची पाठवणी. नव्या आवृत्तीत नोंद सर्व्हरला पोचल्याचं उत्तर आल्याशिवाय पावती छापली जात नव्हती. ते मीच तसं लिहिलं होतं.

शनिवारी सकाळचं संकलन संपलं आणि साडेनऊला मी बसले. रस्त्यावरून शिंगणापूरच्या गाड्यांची रीघ लागली होती. नव्या आवृत्तीच्या दोन प्रती केल्या. दोन्हींत फरक एकच, एक उत्तराची वाट बघणारी, दुसरी पावती आधी छापून नोंद मागाहून सावकाश पाठवणारी. तिसरी म्हणून पाडव्याच्या आधीची जुनी आवृत्ती. प्रत्येक फेरीत आधी देवाची पावती, ती मोजायची नाही. तिघींना आळीपाळीनं सोडलं, म्हणजे मधेच नेट सुधारलं किंवा बिघडलं तर एकीचाच फायदा व्हायला नको. वाट बघणारीचा मधला आकडा दहा, आणि कधी पाच तर कधी वीस. मागाहून पाठवणारीचा तीन. जुनीचाही तीन. पाचही फेऱ्यांत हेच.

मग उठून रस्त्यावर आले. समोरून गाडी गेली, तिच्या खिडकीतून चार हात बाहेर, प्रत्येक हातात मोबाईल. आमच्या गावाला टॉवर एकच. शनिवार आणि अमावस्या, हजारो माणसं त्याच टॉवरवरून घरी फोटो पाठवतात. आत्याच्या नोंदी त्या गर्दीत ताटकळत उभ्या. बाकी केंद्रांच्या शेजारी शिंगणापूर नव्हतं, म्हणून तिथं झकास चालत होतं. आणि सुपरवायझर साहेब? ते दर्शनाला निघाले की वाटेत केंद्र बघून जायचे. म्हणजे नेहमी शनिवारी. मी मात्र नेहमी रविवारी. मला तिथंच कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला.

रविवारी त्याच तिघींच्या तशाच फेऱ्या पुन्हा केल्या. तिघीही तीनच्या आसपास. दोष सापडला होता. तो माझा होता.

आता राहिला आत्याचा हात. तो राहू द्यायचा नाही, असं मी ठरवलं होतं. मीटिंगमध्ये कुणी विचारलंच, तर माझ्याकडे अंदाज नको, आकडा हवा. फॅटचा आकडा पडद्यावर कधी आला आणि एंटर कधी दाबलं, ह्या दोन वेळा दोन्ही आवृत्त्या फायलीत लिहितात. पावती कधी निघाली ते मात्र कुठंच लिहिलं जात नव्हतं, म्हणून आजवर ती फाईल कुणी उघडली नव्हती. येताना ती फाईल पेनड्राइव्हवर घेऊन आले आणि सोमवारी ऑफिसात पाडव्याच्या आधीपासूनच्या सगळ्या नोंदी काढल्या. सात सेकंद. पाडव्याआधी सात, पाडव्यानंतर सात. शनिवारी सात, रविवारी सात. सुनेचं दुखणं विचारूनही सात! इतके दिवस मी इतक्या गोष्टी मोजल्या, पण इतका न हलणारा आकडा माझ्या हाती दुसरा आला नव्हता.

फक्त शेवटच्या आठवड्यात काहीतरी विचित्र होतं. मधेच दोन सेकंद, दीड सेकंद असे आकडे. मला वाटलं, माझ्याच फेऱ्या मिसळल्या. बघितलं तर वेळ दुपारची, दोन ते तीन. केंद्र बंद असतं तेव्हाची. वजन शून्य, फॅट शून्य, सभासद नंबर शून्य. एका दिवशी चाळीस नोंदी, दुसऱ्या दिवशी साठ. पुन्हा साठ. मी आले त्या बुधवारी नाहीत, पुन्हा गुरुवारी आणि शुक्रवारी.

मी तारीख बघितली. पहिली नोंद रविवारची होती. मी तिला "हात उचल" म्हणाले, त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

प्रिंटर बंद ठेवून, कागद वाया जाऊ नये म्हणून, शटर खाली ओढून ती एकटी बसत असणार. शून्य, एंटर. शून्य, एंटर. सतरा वर्षं त्या खुर्चीत बसलेली बाई, साठीच्या घरातली, भाचीनं खडसावलं म्हणून दुपारच्या झोपेच्या वेळी बोटांना पळायला शिकवत होती. मी ऑफिसात हुंदका देऊन रडले. सर उठून आले, त्यांनी पडद्याकडे बघितलं आणि पाण्याची बाटली ठेवून गेले.

त्या नोंदी खऱ्या संकलनाच्या नव्हत्या, म्हणून मोजणीतून मी त्या काढल्या. फाईलमधून मात्र पुसल्या नाहीत.

मंगळवारी मीटिंगला सुपरवायझर साहेबही होते. मी उभी राहिले आणि आधी तेच सांगितलं जे सांगायला जीव जड होत होता. "मागं मी फोनवर जे सांगितलं ते चूक होतं. मी नीट मोजलं नव्हतं. उशीर माझ्या सॉफ्टवेअरमुळं होतो, आणि तोही शनिवारी-अमावस्येला. आत्याचा त्यात एक सेकंदही नाही." मग सगळ्या फेऱ्यांचे कागद टेबलावर मांडले आणि पावती आधी छापणारी आवृत्ती केंद्रावर बसवते म्हणाले. साहेब भला माणूस. कागद दोनदा वाचून म्हणाले, "पण हे शनिवारी खरंच चालेल कशावरून?" मी म्हणाले, "बरोबर विचारलंत. येत्या शनिवारी दर्शनाला निघालात की या, आणि तुमच्या घड्याळावर मोजा. फक्त पहिली पावती मोजू नका, ती देवाची असते." चेअरमन मोठ्यानं हसले. निर्णय शनिवारवर गेला.

शनिवारी साहेब सहालाच आले आणि रांग संपेपर्यंत हातात घड्याळ धरून उभे राहिले. तीन, तीन, चार, तीन. रस्त्यावर गाड्यांची रीघ तशीच. टेम्पो वेळेत भरून गेला. साहेबांनी घड्याळ खिशात टाकलं आणि आत्याला म्हणाले, "मावशी, चुकलं आमचं. बसा तुम्ही." ती म्हणाली, "बसलीच हाय की." नव्या माणसाचा विषय त्यानंतर कुणी काढला नाही.

सगळे गेल्यावर आम्ही दोघीच उरलो. ती काटा पुसत होती. मला माफी मागायची होती. मी नुसतं म्हणाले, "आत्या, दुपारच्या त्या शून्य नंबरच्या नोंदी मी बघितल्या."

चोरी पकडली गेल्यासारखी ती हसली. "दिसत्यात व्हय त्या? म्या म्हटलं, कागद न्हाई तर काय दिसायचं?" मग माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "मग? कमी झाला का गं माझा येळ?"

"नाही," मी म्हणाले. "सातचे सातच आहेत. लोकांसमोर तुझा हात एका सेकंदानंही हलला नाही."

"लोकास्नी बरं-वाईट इचारावं लागतंय ना, बाई," ती म्हणाली. आणि उजव्या हाताची बोटं डाव्या हातानं चोळत पुढं म्हणाली, "बरं झालं मग. उद्यापासून दुपारची झोपते."